कट सरकवताना सिंक का तुटतो: रिपल, रोल, स्लिप आणि स्लाइड एका प्रसंगातून

एडिटिंग शिकायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यात कापायला येतं, जोडायलाही येतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. लावलेला कट थोडा पुढेमागे करायचा असतो, म्हणून तुम्ही क्लिपची कड ओढता आणि तीन मिनिटांनी लक्षात येतं की पुढच्या प्रसंगात ओठ आधी हलताहेत आणि आवाज नंतर येतोय. नवख्या एडिटरच्या टाइमलाइन तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच. ती निष्काळजीपणामुळे होत नाही. ट्रिमिंगची चार साधनं टाइमलाइनवर नेमकं काय हलवतात हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून होते.

म्हणून इथे एकच छोटा प्रसंग घेऊन चारही साधनं त्यावर चालवून बघू. बटणं प्रीमियर प्रोमधली दिली आहेत. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये कळा वेगळ्या असल्या तरी ट्रिमिंगचं गणित तेच असतं.

आधी एक फरक पक्का करा

टाइमलाइनवरच्या प्रत्येक क्लिपबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. ती टाइमलाइनवर कुठे बसली आहे, हा पहिला. तिच्या मूळ फुटेजमधला कोणता भाग दिसतो आहे, हा दुसरा. खिडकीची उपमा घेतली तर चौकट भिंतीवर कुठे आहे हा एक प्रश्न आणि चौकटीतून बाहेरचं काय दिसतं हा दुसरा.

सिंक म्हणजे दोन गोष्टींचं एकाच क्षणी येणं. ओठ आणि शब्द, हसू आणि संगीतातला ठोका, दार आपटणं आणि त्याचा आवाज. या जोडीतली एक गोष्ट हलली आणि दुसरी जागीच राहिली की सिंक तुटतो. नुसती कड कमीजास्त केली, म्हणजे क्लिप आधी संपवली किंवा उशिरा सुरू केली, तर सिंक तुटत नाही, कारण उरलेली प्रत्येक फ्रेम पूर्वीच्याच क्षणाला दिसते. हे डोक्यात बसलं की प्रत्येक साधन हातात घेताना एकच विचारायचं: यात कुणी जागचं हलतंय का, आणि हलत असेल तर त्याचा जोडीदारही बरोबर हलतोय का?

आपला प्रसंग

टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आहे. दोन माणसं बोलताहेत आणि तिसरा नुसता ऐकतोय. V1 ट्रॅकवर तीन क्लिप लागोपाठ आहेत.

क्लिप ‘क’ मध्ये पहिला माणूस बोलतो. ती टाइमलाइनवर ० ते १०० फ्रेमपर्यंत आहे आणि मूळ फुटेजमधला ५० ते १५० हा भाग वापरते. ‘ख’ मध्ये ऐकणाऱ्याचा चेहरा आहे, नुसतं चित्र. टाइमलाइनवर १०० ते १५०, मूळ फुटेजमध्ये ७५ ते १२५. ‘ग’ मध्ये दुसरा माणूस उत्तर देतो आणि मग हसतो. टाइमलाइनवर १५० ते २७५, मूळ फुटेजमध्ये ४० ते १६५. तिन्ही क्लिप मुळात २५० फ्रेम लांबीच्या आहेत, म्हणजे दोन्ही टोकांना न वापरलेला भाग शिल्लक आहे. या शिल्लक भागाला हँडल म्हणतात. हँडल नसेल तर कुठलंही ट्रिमिंग साधन कड वाढवू शकत नाही.

‘क’ आणि ‘ग’ यांचा आवाज A1 वर आहे आणि तो चित्राशी लिंक केलेला आहे. ‘ख’ च्या खाली A2 वर खोलीची शांतता वाजते. A3 वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच संगीताची क्लिप आहे. तिच्यातला एक मोठा ठोका २०० व्या फ्रेमला पडतो आणि त्याच क्षणी ‘ग’ मधलं हसू येतं. ही जुळणी वेळ खर्चून केलेली आहे आणि ती टिकवायची आहे.

अडचण एवढीच, की ‘क’ मधला माणूस ८० व्या फ्रेमला बोलून थांबतो आणि पुढच्या २० फ्रेम तो नुसता बघत राहतो. कट उशिरा येतोय.

रिपल: पुढचं सगळं हलवणारं साधन

नवखा एडिटर इथे हमखास रिपल एडिट टूल घेतो. कळ B. ‘क’ ची शेवटची कड २० फ्रेम मागे ओढली की ‘क’ ८० ला संपते आणि मोकळी जागा न राहता ‘ख’ आणि ‘ग’ आपोआप मागे येतात. ‘ख’ आता ८० पासून सुरू होते, ‘ग’ १३० पासून. एकूण लांबी २७५ वरून २५५ झाली.

दिसायला सगळं नीट आहे. पण ‘ग’ २० फ्रेम मागे आल्यामुळे हसू आता १८० ला येतं. संगीत मात्र आरंभापासून अंतापर्यंत एकसंध आहे, ते जागचं हललं नाही, त्याचा ठोका २०० लाच पडतो. हसल्यानंतर ०.८ सेकंदाने ठोका. जुळणी गेली.

लोक इथे गोंधळतात, कारण A3 चा सिंक लॉक चालू होता. सिंक लॉक म्हणजे ट्रॅकच्या डाव्या बाजूचं ते छोटं चिन्ह. ते चालू असेल तर रिपल झाल्यावर त्या ट्रॅकवरच्या, कटच्या नंतर सुरू होणाऱ्या क्लिपही तेवढ्याच सरकतात. पण कटच्या आधी सुरू होऊन कटच्या पलीकडे जाणारी लांब क्लिप प्रीमियर मधूनच कापून सरकवत नाही, जागीच ठेवतो. त्यामुळे सिंक लॉक चालू असल्याने शीर्षकं, पुढचे ध्वनिपरिणाम, पुढचे संवाद सांभाळले जातात, पण आरपार जाणारं संगीत सांभाळलं जात नाही.

सिंक लॉक बंद असेल तर याहून वाईट होतं. समजा A1 चा सिंक लॉक बंद आहे आणि तुम्ही Alt दाबून फक्त ‘क’ चं चित्र रिपल केलं. आता ‘ग’ चं चित्र १३० पासून, तिचा आवाज १५० पासून. क्लिपवर लाल खुणेत किती फ्रेमचा फरक पडला तो आकडा दिसतो. ही लाल खूण दिसली की काम तिथेच थांबवा. कित्येक जण ती महत्त्वाची नसेल म्हणून पुढे जातात आणि अर्ध्या तासानंतर Ctrl+Z पुरत नाही.

ट्रॅकचं कुलूप आणि सिंक लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. कुलूप लावलेल्या ट्रॅकवर काहीच हलत नाही, रिपलसुद्धा नाही. ‘संगीत बिघडू नये’ म्हणून अनेक जण आवाजाच्या ट्रॅकना कुलूप लावतात आणि मग V1 वर रिपल करतात. चित्र सरकतं, आवाज जागीच राहतो. संरक्षणासाठी लावलेल्या कुलपानेच सिंक तोडला.

रिपल वाईट नाही. कच्ची मांडणी करताना, संगीत यायच्या आधी, तेच सर्वांत उपयोगी साधन आहे. सिंक लॉक सगळ्या ट्रॅकवर चालू ठेवून मनसोक्त वापरा. मात्र संगीत जुळवून झालं की एकूण लांबी बदलणाऱ्या या एकमेव साधनाला हात लावण्याआधी थांबा. बाकीची तिन्ही साधनं एकूण लांबीला धक्का लावत नाहीत. आपण रिपल Ctrl+Z करून मागे घेऊ आणि त्यांच्याकडे वळू.

रोल: फक्त शिवण सरकते

रोलिंग एडिट टूलची कळ N. हे दोन क्लिपांमधली शिवण सरकवतं. एक जितकी आखडते तितकीच दुसरी वाढते. आधीची आणि नंतरची एकही फ्रेम जागा सोडत नाही, म्हणून मी याला सर्वांत सुरक्षित साधन मानतो.

‘क’ आणि ‘ख’ मधला कट आपल्याला १०० वरून ८० वर आणायचा आहे. पण आवाजाला हात लावायचा नाही, फक्त चित्राचा कट हवा. म्हणून टाइमलाइनवरचं Linked Selection हे बटण बंद करा, किंवा ओढताना Alt धरा, मॅकवर Option. मग कट २० फ्रेम डावीकडे.

‘क’ चं चित्र आता ० ते ८०, आवाज पूर्वीसारखाच ० ते १००. ‘ख’ ८० ते १५०, म्हणजे ५० ऐवजी ७० फ्रेम. तिने आपल्या सुरुवातीच्या हँडलमधून २० फ्रेम घेतल्या आणि मूळ फुटेजमध्ये ती आता ५५ ते १२५ दाखवते. ‘ग’ १५० लाच आहे, हसू २०० लाच आहे, ठोकाही २०० लाच.

चित्र ८० ला बदलतं आणि ‘क’ चा आवाज १०० पर्यंत चालतो, म्हणजे सिंक तुटला का? नाही. आवाजाची एकही फ्रेम सरकलेली नाही, चित्राची फक्त कड लवकर संपली. लाल खूण येणार नाही, हीच खात्री. याला एल-कट म्हणतात. संवादाच्या प्रसंगात तो सतत वापरतात आणि कटही मऊ होतो.

ओढण्याआधी कर्सरचा रंग बघायची सवय लावा. प्रीमियरमध्ये रिपलची खूण पिवळी असते, रोलची लाल. चुकीचं साधन हातात आहे हे माउस दाबण्याआधीच कळतं.

स्लिप: चौकट जागेवर, आतलं चित्र सरकतं

रोल केल्यावर नवी अडचण दिसली. ‘ख’ मध्ये आत आलेल्या नव्या फ्रेमपैकी साठाव्या फ्रेमच्या आसपास ऐकणारा माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघतो. ‘ख’ ची जागा आणि लांबी बरोबर आहे, फक्त तिच्यात दुसरा, थोडा पुढचा भाग हवा. याच कामासाठी स्लिप टूल आहे. कळ Y.

‘ख’ वर कर्सर ठेवून डावीकडे ओढा. दिशा आधी उलटी वाटेल. स्लिपमध्ये तुम्ही चौकटीमागची पट्टी ओढत असता. पट्टी डावीकडे गेली की चौकटीत नंतरचा भाग येतो, उजवीकडे गेली की आधीचा. २५ फ्रेम डावीकडे ओढलं की ‘ख’ मूळ फुटेजमधलं ८० ते १५० दाखवू लागते. टाइमलाइनवर ती ८० ते १५० लाच बसलेली आहे. दोन्ही आकडे इथे योगायोगाने सारखे आले आहेत, त्यामुळे गोंधळू नका. शेजारच्या क्लिपना काहीच झालेलं नाही.

ओढत असताना प्रोग्राम मॉनिटरमध्ये चार चित्रं दिसतात. दोन स्थिर असतात, ती शेजाऱ्यांची. दोन बदलत असतात, ती ‘ख’ ची पहिली आणि शेवटची फ्रेम. आकड्यांपेक्षा या दोन फ्रेमकडे बघून थांबा. पापणी अर्धी मिटलेली असताना कट पडतोय का, ते तिथेच दिसतं.

आता स्लिपचा धोका. ‘ख’ ला स्वतःचा आवाज नव्हता, म्हणून आपण निर्धास्त होतो. हेच ‘ग’ वर, लिंक बंद असताना, फक्त चित्रावर केलं असतं तर? क्लिप जागची हलली नसती, कड हलली नसती, टाइमलाइन दुरून बघितली तर काहीच बदललेलं दिसलं नसतं. पण चौकटीतलं चित्र सरकलं आणि आवाज तिथेच, म्हणजे ओठ चुकले. रिपलने झालेली मोडतोड निदान दुरून दिसते, स्लिपची दिसत नाही.

आणि माणसाची नजर याबाबतीत बरीच तीक्ष्ण असते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो. २५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज दोन फ्रेम आधी गेला तरी कळतो, मागे राहिला तर तीन फ्रेमपर्यंत खपून जातो. म्हणून बोलणाऱ्या माणसाच्या क्लिपवर स्लिप करायची असेल तर Linked Selection चालू ठेवून, चित्र आणि आवाज एकत्रच.

स्लाइड: क्लिप सरकते, शेजारी जागा देतात

शेवटची दुरुस्ती. ‘ग’ चं चित्र १५० ला येतं आणि माणूस १५६ ला बोलू लागतो. मला त्याचा पहिला शब्द ऐकणाऱ्या चेहऱ्यावरच, ‘ख’ वर, ऐकू यायला हवा आणि मग ‘ग’ चं चित्र यावं. म्हणजे ‘ख’ जशी आहे तशीच, त्याच लांबीने, १० फ्रेम उशिरा बसवायची आहे.

स्लाइड टूलची कळ U. Linked Selection अजून बंदच असू दे. ‘ख’ ला १० फ्रेम उजवीकडे ओढा. ती आता ९० ते १६०, आतला भाग तोच ८० ते १५०. ‘क’ च्या चित्राला शेवटी १० फ्रेम मिळाल्या, ती ९० ला संपते. ‘ग’ च्या चित्राच्या सुरुवातीच्या १० फ्रेम झाकल्या गेल्या, ती १६० ला, मूळ फुटेजच्या ५० व्या फ्रेमपासून सुरू होते. ‘ग’ चा आवाज १५० पासूनच आहे, म्हणजे शब्द १५६ ला सुरू होतो आणि चित्र चार फ्रेम नंतर येतं. हा जे-कट.

हसू कुठे गेलं ते मोजून बघा. मूळ फुटेजमध्ये ते ९० व्या फ्रेमला आहे. ‘ग’ चं चित्र १६० ला मूळच्या ५० व्या फ्रेमने सुरू होतं, म्हणजे ४० फ्रेमनंतर, २०० ला हसू. ठोक्यावरच. शेजारच्या क्लिपच्या फक्त कडा बदलल्या, त्यांच्या आतल्या फ्रेम जागच्या हलल्या नाहीत.

स्लाइडमध्ये हलते ती एकटी मधली क्लिप. म्हणून ती निर्धास्त वापरायची ती अशा मूक चेहऱ्यांवर, हातांच्या जवळच्या शॉटवर, बाहेरच्या दृश्यांवर. मधली क्लिप बोलणारी असेल तर तिचं चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र सरकवावे लागतात, नाहीतर ओठ चुकतात. आणि ती स्वतः संगीताच्या ठोक्यावर बसवलेली असेल तर स्लाइडने ती जुळणी जाणारच.

काम झालं की Linked Selection लगेच चालू करा. मी हे नंतर करीन म्हणून सोडून दिलं होतं एकदा, आणि त्या संध्याकाळी पूर्ण मुलाखतीचं चित्र आवाजापासून वेगळं सरकलं. लाल खुणा होत्या, पण टाइमलाइन इतकी लहान करून बघत होतो की आकडे दिसलेच नाहीत.

साधन मध्येच अडलं तर

कधी ओढताना साधन थांबतं आणि पुढे जात नाही. बहुतेक वेळा हँडल संपलेलं असतं. प्रीमियर मीडियाची मर्यादा आल्याचा निरोप दाखवतो, क्लिपच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसतो. स्लाइडमध्ये हँडल मधल्या क्लिपचं नाही, शेजाऱ्यांचं लागतं, हे विसरू नका. दुसरं कारण रिपलमध्ये येतं: दुसऱ्या ट्रॅकवरची सरकणारी क्लिप आधीच्या क्लिपवर आदळणार असते आणि कोणता ट्रॅक अडतोय ते निरोपात लिहिलेलं असतं. अशा वेळी सिंक लॉक बंद करून जबरदस्तीने पुढे जाण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्या ट्रॅकवर काय आहे ते बघा, आदळणारी क्लिप आखडा किंवा वरच्या ट्रॅकवर न्या, मग रिपल करा.

लाल खूण आलीच तर

पहिला उपाय Ctrl+Z. तो शक्य नसेल तर लाल आकड्यावर उजवं बटण दाबा. दोन पर्याय मिळतात. Move into Sync ती क्लिप टाइमलाइनवर सरकवून जोडीदाराजवळ नेतं, म्हणजे कटची जागा बदलते आणि शेजारी काही असेल तर त्यावर ती बसू शकते. Slip into Sync क्लिप जागेवर ठेवून आतला भाग सरकवतं. कट बरोबर जागी आहे पण ओठ चुकताहेत, तर दुसरा पर्याय निवडा. क्लिपच चुकून सरकली असेल तर पहिला.

लाल खूण फक्त लिंक असलेल्या क्लिपवर येते, ही तिची मोठी मर्यादा. आपलं संगीत आणि हसू यांच्यात कसलीही लिंक नाही, तिथे कुठलीच खूण येणार नाही. त्यासाठी मी असं करतो: ट्रिमिंगला हात लावायच्या आधी ‘ग’ क्लिप निवडून हसण्याच्या फ्रेमवर मार्कर टाकतो, संगीताची क्लिप निवडून ठोक्यावर दुसरा. क्लिपवरचा मार्कर क्लिपबरोबर सरकतो. प्रत्येक बदलानंतर दोन्ही मार्कर एकाच उभ्या रेषेत आहेत का, एवढं बघतो. वेगळ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण केलं असेल तर त्या आवाजाची क्लिप आणि चित्र निवडून Ctrl+L ने आधीच लिंक करून घेतो, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात.

इतर सॉफ्टवेअरमध्ये

डाविंची रिझॉल्व्हमध्ये T दाबून ट्रिम मोडमध्ये जा. तिथे चारही कामं एकाच साधनाने होतात. कर्सर कटच्या बरोबर मध्ये असेल तर रोल, कटच्या एका बाजूला असेल तर रिपल, क्लिपच्या वरच्या भागात स्लिप आणि खालच्या नावाच्या पट्टीवर स्लाइड. चिन्ह बदलतं, ते बघूनच माउस दाबा. फायनल कट प्रोमध्ये T हे ट्रिम साधन, क्लिपच्या मध्यावर ओढलं की स्लिप, Option धरून ओढलं की स्लाइड. तिथली टाइमलाइन चुंबकासारखी चालते आणि जोडलेल्या क्लिप आपल्या मुख्य क्लिपबरोबर सरकतात. म्हणून संगीत पहिल्या क्लिपला जोडलेलं असेल आणि पुढे कुठेतरी कड आखडली, तर चित्र सरकतं आणि संगीत जागीच राहतं. आपल्या A3 चं जे झालं, तेच.

सराव करायचा असेल तर वरच्यासारख्या तीन क्लिप आणि एक संगीत घेऊन बसा. दोन मार्कर टाका, चारही साधनं एकेकदा वापरा, आणि प्रत्येक वेळी माउस सोडण्याआधी मार्कर जुळतील की नाही ते आधीच सांगून बघा.